शिल्लक लिहून ठेवावी की दर वेळी मोजावी?

एखाद्या वस्तूचे किती नग शिल्लक आहेत, हा आकडा संगणकाकडून दोन प्रकारे मिळवता येतो. एक तर तो वस्तूच्या नोंदीशेजारीच एका रकान्यात लिहून ठेवायचा. माल आला की वाढवायचा, गेला की कमी करायचा. नाही तर आकडा कुठेच लिहायचा नाही. प्रत्येक आवक-जावकीची स्वतंत्र नोंद तेवढी ठेवायची आणि कोणी विचारले की त्या नोंदींची बेरीज करून उत्तर द्यायचे.

डेटाबेसचे शास्त्र शिकवणारे दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने असतात. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याचे रचनेचे नियम घडले. त्या नियमांचा गाभा असा, की एक माहिती एकाच जागी असावी. जो आकडा इतर नोंदींवरून काढता येतो तो वेगळा लिहून ठेवला, तर तीच माहिती दोन जागी होते आणि एक दिवस त्या दोन जागा वेगवेगळे सांगू लागतात. असा वेगळा लिहिलेला रकाना म्हणजे ‘डीनॉर्मलाइझ्ड’ रकाना. रोज दुकानाची सॉफ्टवेअर लिहिणारे मात्र तो सर्रास ठेवतात, कारण दर वेळी बेरीज करणे त्यांना महाग वाटते. त्यामुळे हा वाद वेगाचा समजला जातो. प्रत्यक्षात एकाच वेळी दोन गिऱ्हाइके त्याच वस्तूला हात घालतात तेव्हा काय होते, हा त्यातला खरा प्रश्न आहे. आणि तिथे दोन्ही प्रकार फसू शकतात, फक्त वेगवेगळ्या रीतीने.

समजा, एका पुस्तकविक्रेत्याने एका दिवाळी अंकाच्या ४० प्रती मागवल्या. दुकानात दोन काउंटर आहेत आणि वेबसाइटवरूनही विक्री चालते. पहिल्या आठवड्यात काउंटरवरून २२ प्रती गेल्या, वेबसाइटवरून ११ गेल्या, एका गिऱ्हाइकाने फाटकी निघालेली प्रत बदलायला आणली तेव्हा दुकानात तोच अंक हवा तसा नव्हता म्हणून पैसे परत केले, आणि ती प्रत पुढे प्रकाशकाकडून बदलून मिळाली. म्हणजे ४० मधून ३३ गेल्या, एक परत आली, शिल्लक ८. डेटाबेसमध्ये दोन तक्ते आहेत. `items` मध्ये प्रत्येक अंकाची एक ओळ, तिच्यात `stock` नावाचा रकाना. `movements` मध्ये प्रत्येक आवक-जावकीची एक ओळ: कोणता अंक, किती प्रती, केव्हा, कशासाठी. आलेल्या प्रती अधिक चिन्हाने, गेलेल्या उणे चिन्हाने. `stock` मध्ये ८ आहेत आणि `movements` मधल्या त्या अंकाच्या ओळींची बेरीजही ८ येते.

आता पहिल्या काउंटरवर एक गिऱ्हाईक ३ प्रती मागते आणि त्याच क्षणी वेबसाइटवर कोणीतरी २ प्रती घेते. भोळेपणाने लिहिलेला प्रोग्रॅम तीन पावले टाकतो: शिल्लक वाचायची, आपल्याकडे वजाबाकी करायची, उत्तर परत लिहायचे. काउंटरचा प्रोग्रॅम ८ वाचतो. वेबसाइटचा प्रोग्रॅमही ८ वाचतो. काउंटर ८ वजा ३ करून ५ लिहितो. वेबसाइट ८ वजा २ करून ६ लिहिते. शेवटी रकान्यात ६ राहतात. फळीवर मात्र ३ प्रती असतात. काउंटरने केलेला बदल वेबसाइटने पुसून टाकला आणि कोणालाही चूक झाल्याचा संदेश आला नाही. यालाच ‘लॉस्ट अपडेट’, म्हणजे हरवलेला बदल, म्हणतात.

ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणी करणारा माणूस एकटा असतो. वाचणे आणि लिहिणे यांमध्ये सेकंदाचा शंभरावा भाग जात असेल, तर दिवसाला वीस विक्री होणाऱ्या दुकानात ती वर्षभरही दिसणार नाही. दिवाळीच्या आदल्या शनिवारी तोच अंक गर्दीत खपू लागला की ती दिसते. त्यातही एक ओळखू येण्यासारखी खूण आहे: हरवलेल्या विक्रीमुळे रकान्यातला आकडा खऱ्यापेक्षा जास्त राहतो आणि सर्वांत जास्त खपणाऱ्या वस्तूंतच तो बिघडलेला असतो. चोरीनेही नेमके हेच दिसते. म्हणून अशा दुकानात पहिला संशय नोकरांवर जातो, प्रोग्रॅमवर नाही.

या चुकीवरचा उपाय सोपा आहे. प्रोग्रॅमने स्वतः वजाबाकी करायची नाही. ती डेटाबेसला करायला सांगायची, आणि पुरेशा प्रती आहेत का हेही त्याच आज्ञेत विचारायचे.

```sql
UPDATE items
SET stock = stock - 6
WHERE id = 417 AND stock >= 6;
```

पोस्टग्रेससारखा डेटाबेस ही आज्ञा पाळताना त्या ओळीला कुलूप लावतो आणि ते कुलूप व्यवहार पक्का होईपर्यंत, म्हणजे `COMMIT` होईपर्यंत, काढत नाही. समजा, रकान्यात ८ असताना काउंटरवर एका वाचनालयाने ५ प्रती मागितल्या आणि वेबसाइटवर एका कार्यालयाने ६. काउंटरची आज्ञा आधी पोचली, तिने ओळ धरली. वेबसाइटची आज्ञा दाराशी थांबली. काउंटरचा व्यवहार पक्का झाला आणि शिल्लक ३ झाली. आता पोस्टग्रेस वेबसाइटची आज्ञा जुन्या आकड्यावर पुढे चालवत नाही. ओळीची नवी आवृत्ती घेऊन अट पुन्हा तपासतो. तीनमधून सहा जात नाहीत, अट खोटी ठरते, आणि उत्तर येते `UPDATE 0`, म्हणजे एकही ओळ बदलली नाही. प्रोग्रॅमने हे शून्य पाहायचे आणि गिऱ्हाइकाला ‘इतक्या प्रती नाहीत’ असे सांगायचे. ते शून्य न पाहता ‘ऑर्डर नोंदवली’ असे दाखवणारे प्रोग्रॅमही असतात, पण तो दोष डेटाबेसचा नव्हे.

मधल्या काळात काही गुंतागुंतीचा हिशेब करायचा असेल आणि वाचणे-लिहिणे वेगळे ठेवावेच लागत असेल, तर वाचतानाच `SELECT ... FOR UPDATE` वापरून ओळ धरून ठेवता येते. केवळ व्यवहार `BEGIN` आणि `COMMIT` यांमध्ये बसवला की झाले, असे मात्र नाही. पोस्टग्रेसची मूळची अलगतेची पातळी `READ COMMITTED` आहे आणि तिच्यात वाचून-मग-लिहिणारा व्यवहार वरच्यासारखाच बदल पुसतो. मायएसक्यूएलची मूळची पातळी `REPEATABLE READ` आहे. नाव भारदस्त असले तरी तिथेही साध्या `SELECT` ने वाचलेला जुना आकडा बिनबोभाट लिहिला जातो. त्याच नावाची पातळी पोस्टग्रेसमध्ये लावली, तर दुसरा व्यवहार `could not serialize access due to concurrent update` असे म्हणून नाकारला जातो. नाव एक, वागणूक दोन. एका डेटाबेसवर बरोबर चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नेल्यावर बिघडतो तो बहुधा अशा ठिकाणी.

आता बेरजेच्या बाजूला. लिहून ठेवलेला आकडाच नसेल तर तो पुसला जाण्याचाही प्रश्न नाही, असे वाटते आणि ते खरेही आहे. नवी विक्री म्हणजे `movements` मध्ये नवी ओळ. दोन विक्री एकाच वेळी झाल्या तर दोन ओळी पडतात, कोणी कोणाच्या आड येत नाही, कोणी कोणासाठी थांबत नाही. ३ आणि २ प्रतींच्या त्या पहिल्या उदाहरणात बेरीज अचूक ३ आली असती.

पण वाचनालय आणि कार्यालय यांचे उदाहरण घेतले की चित्र पालटते. काउंटरचा प्रोग्रॅम बेरीज करतो: ८. पाच हव्यात, आहेत. वेबसाइटचा प्रोग्रॅमही त्याच क्षणी बेरीज करतो: ८. काउंटरची ओळ अजून पक्की झालेली नसल्यामुळे ती त्याला दिसत नाही, आणि पक्क्या न झालेल्या नोंदी इतरांना न दाखवणे हे डेटाबेसचे कर्तव्यच आहे. सहा हव्यात, आहेत. दोघेही आपापली ओळ घालतात, उणे ५ आणि उणे ६. बेरीज होते उणे ३. कोणाचाही बदल हरवलेला नाही, दोन्ही नोंदी जागेवर आहेत, बेरीज अगदी बरोबर आहे; फक्त दुकानाने नसलेल्या तीन प्रती विकल्या आहेत.

ही चूक आधीच्या चुकीची चुलत बहीण. हॅल बेरेन्सन, फिल बर्नस्टीन, जिम ग्रे, जिम मेल्टन, एलिझाबेथ ओ’नील आणि पॅट्रिक ओ’नील यांनी १९९५ साली एसक्यूएलच्या अलगतेच्या पातळ्यांवर टीका करणारा एक निबंध लिहिला. त्यात या दोन्ही जातींच्या चुकांना वेगवेगळी नावे दिली आहेत. दोन व्यवहार तीच माहिती वाचतात, तिच्यावर विसंबून वेगवेगळ्या जागी लिहितात, आणि प्रत्येकाचे एकट्याचे वागणे बरोबर असूनही दोघांचे मिळून नियम मोडते, याला तिथे ‘राइट स्क्यू’ म्हटले आहे. लॉस्ट अपडेटमध्ये निदान दोघांनी एकच ओळ लिहिलेली असते, त्यामुळे एका ओळीचे कुलूप पुरते. इथे दोघांनी लिहिलेल्या ओळी वेगळ्या. त्यातून त्या आधी अस्तित्वातच नव्हत्या. जी ओळ अजून जन्मालाच आली नाही तिला कुलूप लावणार कसे?

याला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे व्यवहार `SERIALIZABLE` पातळीवर चालवणे. पोस्टग्रेसमध्ये ही पातळी २०११ मधल्या ९.१ या आवृत्तीपासून खऱ्या अर्थाने पाळली जाते. कोणी काय वाचले याचा डेटाबेस माग ठेवतो आणि वरच्यासारखी कात्री दिसली की एका व्यवहाराला `40001` हा चुकीचा क्रमांक देऊन परत पाठवतो. तो क्रमांक आला की सगळा व्यवहार पहिल्यापासून पुन्हा करायचा, ही जबाबदारी प्रोग्रॅमची. दुसरे उत्तर अधिक साधे: बेरीज करण्याआधी `items` मधली त्या अंकाची ओळ `FOR UPDATE` ने धरायची, मग बेरीज, मग नवी ओळ, मग `COMMIT`. त्या ओळीत शिल्लक लिहिलेली असो वा नसो, एका वेळी एकच जण पुढे जाऊ शकतो.

या दुसऱ्या उत्तरात वादाचा निकाल बराचसा दडलेला आहे. बेरजेचा मार्ग विक्री थोपवण्यासाठी सुरक्षित करायचा तर धरायला एक ओळ लागतेच. ती ओळ धरायचीच आहे, तर शिल्लक तिच्यातच लिहून ठेवणे फुकट पडते आणि `stock >= 6` सारखी अट थेट तिच्यावर घालता येते. शिवाय `CHECK (stock >= 0)` असे बंधन रकान्याला घालून ठेवले, तर कोणत्याही प्रोग्रॅमने, अगदी घाईत हाताने लिहिलेल्या आज्ञेनेही, शिल्लक उणे होऊ शकत नाही. बेरजेला असे बंधन घालायची सोय नाही. अनेक ओळींवर पसरलेली अट साधे `CHECK` पाहू शकत नाही. म्हणजे लिहून ठेवलेल्या रकान्याचे मोठे काम वेग देणे हे नाहीच. सगळ्यांनी एका रांगेत येण्याची ती जागा आहे.

ही फट कल्पनेतली नाही. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या टॉड वॉर्झाव्स्की आणि पीटर बेलिस यांनी ऑनलाइन दुकाने चालवण्याची १२ लोकप्रिय सॉफ्टवेअर तपासली. एकाच वेळी मुद्दाम अनेक विनंत्या धाडल्या, तर शिल्लक उणे जाते का, एकच कूपन दोनदा वापरता येते का, टोपलीतल्या मालापेक्षा कमी पैसे भरून सुटता येते का, हे त्यांनी पाहिले. अशा २२ फटी त्यांना सापडल्या. बहुतेक ठिकाणी वाचणे आणि लिहिणे एका व्यवहारात बांधलेलेच नव्हते, त्यामुळे डेटाबेस कितीही कडक असला तरी त्याला करण्यासारखे काही उरले नव्हते. त्याआधी, मार्च २०१४ मध्ये, फ्लेक्सकॉइन ही बिटकॉइन सांभाळणारी सेवा ८९६ बिटकॉइन गमावून बंद पडली होती. चोराने खात्याची शिल्लक अद्ययावत होण्याआधीच एकामागून एक हजारो हस्तांतरणे सोडली होती. खात्यातले पैसे काय आणि फळीवरचे अंक काय, आकड्याचा स्वभाव तोच.

रकाना ठेवला, तर त्याचे स्वतःचे एक दुखणे आहे: तो हळूहळू नोंदींपासून दूर सरकतो. याची कारणे फारशी गूढ नसतात. विक्रीचा प्रोग्रॅम रकाना आणि नोंद दोन्ही बदलतो, पण महिन्याभराने लिहिलेला परताव्याचा प्रोग्रॅम नोंद तेवढी घालतो. प्रकाशकाकडून आलेली यादी एका वेगळ्या स्क्रिप्टने थेट `movements` मध्ये भरली जाते. नेटवर्क तुटले म्हणून तीच विनंती दोनदा येते आणि रकाना दोनदा घटतो. यावर चांगला बंदोबस्त म्हणजे रकाना बदलण्याचे काम ट्रिगरकडे देणे. `movements` मध्ये ओळ पडली की डेटाबेस स्वतःच, त्याच व्यवहारात, `items` मधला आकडा बदलतो. मग नोंद टिकली तर बदल टिकतो आणि नोंद मागे घेतली तर बदलही मागे जातो. दुहेरी विनंतीचा बंदोबस्त ट्रिगर करू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक विनंतीला एक ओळख क्रमांक देऊन तो `movements` मध्ये दुसऱ्यांदा येणार नाही असे बंधन घालावे लागते.

तरीही रोज रात्री ताळा पाहावा. तो असा:

```sql
SELECT i.id, i.stock, COALESCE(SUM(m.qty), 0) AS total
FROM items i LEFT JOIN movements m ON m.item_id = i.id
GROUP BY i.id, i.stock
HAVING i.stock <> COALESCE(SUM(m.qty), 0);
```

हा ताळा एकाच आज्ञेत घेणे महत्त्वाचे आहे. आधी सगळे `stock` वाचून घेतले आणि मग वेगळ्या आज्ञेने बेरजा केल्या, तर मधल्या काळातल्या विक्रीमुळे नसलेले फरक दिसतात आणि एखादा मेहनती माणूस ते ‘दुरुस्त’ करून खरेच फरक निर्माण करतो. एका आज्ञेला डेटाबेस एकाच क्षणाचे चित्र दाखवतो, म्हणून तिच्यात निघालेला फरक खरा असतो.

दुरुस्तीचीही एक खोच आहे, आणि ती जाणत्यांनाही चकवते. फरक सापडला की `UPDATE items SET stock = (SELECT SUM(qty) ...)` असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. चालू दुकानात हे धोक्याचे आहे. ही आज्ञा सुरू होते त्या क्षणी एखादी विक्री ओळ धरून बसलेली असेल, तर आज्ञा थांबते. विक्री पक्की झाली की पोस्टग्रेस `items` मधल्या त्या ओळीची नवी आवृत्ती घेतो. पण आतली बेरीज मात्र आज्ञा सुरू झाली त्या क्षणाच्या चित्रावरच चालते, आणि त्या चित्रात नुकतीच झालेली विक्री नाही. म्हणजे दुरुस्तीच ती विक्री पुसते. बरोबर रीत दोन पायऱ्यांची: आधी `SELECT ... FOR UPDATE` ने ओळ धरायची, आणि ती हाती आल्यावर दुसऱ्या, वेगळ्या आज्ञेने बेरीज करून लिहायची. `READ COMMITTED` मध्ये प्रत्येक आज्ञेला नवे चित्र मिळते, म्हणून दुसऱ्या आज्ञेला ती विक्री दिसते.

एका रांगेची किंमतही मोजावी लागते. प्रत्येक विक्री ती ओळ हजाराव्या भागाचे पाच भाग, म्हणजे ५ मिलिसेकंद, धरत असेल, तर त्या अंकाच्या सेकंदाला जास्तीत जास्त २०० विक्री होऊ शकतात. पुस्तकाच्या दुकानाला हे जन्मभर पुरेल. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ओळ धरूनच बँकेकडे पैशांची विचारणा केली आणि तिला ३ सेकंद लागले, तर तीच मर्यादा मिनिटाला २० वर येते आणि बाकीची गिऱ्हाइके फिरते चाक बघत बसतात. ‘डेटाबेस मंद आहे’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. म्हणून पैशांची बोलणी व्यवहाराबाहेर ठेवतात. आधी एका छोट्या व्यवहारात प्रती राखून ठेवायच्या आणि शिल्लक घटवायची, मग पैसे घ्यायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांत पैसे आले नाहीत तर राखीव प्रती उलट नोंद घालून परत करायच्या.

एकाच बिलात दोन अंक असले की आणखी एक अडचण उभी राहते. एका व्यवहाराने पहिला अंक धरून दुसऱ्याची वाट पाहावी आणि दुसऱ्या व्यवहाराने नेमके उलट करावे, म्हणजे दोघेही अडकतात. पोस्टग्रेस साधारण सेकंदभर वाट पाहून अशी गाठ शोधतो आणि एकाला मोडून टाकतो. बिलातल्या वस्तू नेहमी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने धरल्या, तर गाठ पडतच नाही.

एकाच ओळीवर सेकंदाला हजारो जण येणार असतील, मोठ्या सेलमधल्या एका फोनवर येतात तसे, तर मात्र ती ओळ फोडावी लागते. १,००० नगांच्या शिलकीच्या शंभर-शंभरच्या दहा ओळी करायच्या आणि प्रत्येक विक्रीने त्यांतली कुठलीही एक धरायची. रांगा दहा होतात. शेवटी शेवटी मात्र एका ओळीत २ आणि दुसरीत १ उरले असताना ३ मागणाऱ्याला दोन ओळी शोधाव्या लागतात, आणि एकूण किती उरले हे सांगायला पुन्हा बेरीज आलीच. पॅट्रिक ओ’नील यांनी १९८६ साली याहून चतुर तोडगा सुचवला होता. ओळ व्यवहारभर धरून ठेवण्याऐवजी मागितलेला माल तेवढा अनामत म्हणून बाजूला काढायचा. सगळे व्यवहार फसले तर शिल्लक किती आणि सगळे पार पडले तर किती, या दोन टोकांवर नजर ठेवायची. आणि खालच्या टोकालाही पुरेसा माल असेल तोवर कोणालाही थांबवायचे नाही. वर सांगितलेली प्रती राखून ठेवण्याची पद्धत ही त्याच विचाराची दुकानी आवृत्ती म्हणता येईल.

मग बेरीज कुठे शोभते? जिथे आकडा नुसता दाखवायचा आहे, त्याच्यावर निर्णय ठरत नाही, तिथे. एका अंकाच्या दोन-तीनशे नोंदींची बेरीज योग्य इंडेक्स असेल तर डोळ्याचे पाते लवायच्या आत होते, आणि तिच्यासाठी वेगळा रकाना सांभाळणे म्हणजे विनाकारण दुखणे विकत घेणे. अडचण येते ती ‘दहाच्या आत शिल्लक उरलेले सगळे अंक दाखवा’ अशा प्रश्नाने. बेरजेवर इंडेक्स करता येत नाही, त्यामुळे दहा अंक दाखवायलाही पाच हजार अंकांची बेरीज करावी लागते. नुसती ओळींची मोजदादही वाटते तितकी स्वस्त नसते. मायएसक्यूएलचे जुने मायआयसॅम इंजिन तक्त्यातल्या ओळींचा आकडा लिहूनच ठेवत असे आणि विचारताच सांगत असे, कारण लिहिणारा तिथे सगळा तक्ताच धरून ठेवी. त्याच्यानंतर आलेले इनोडीबी तसे करत नाही. त्यात एकाच क्षणी वेगवेगळ्या व्यवहारांना वेगवेगळ्या ओळी दिसतात, त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा अस्तित्वातच नसतो.

नोंदी लाखांत गेल्या की दोन्ही प्रकारांचा मिलाफ करतात. महिनाअखेरची शिल्लक एका तक्त्यात लिहून ठेवायची आणि त्यानंतरच्या नोंदींची तेवढी बेरीज तिच्यात मिळवायची. महिना बंद झाला की तो आकडा बदलत नाही, त्यामुळे त्यावर भांडणही नाही. इथे सांभाळायची जागा आहे ती महिन्याची सीमा. पोस्टग्रेसमधले `now()` व्यवहार सुरू झाल्याची वेळ देते, पक्का झाल्याची नव्हे. ३१ तारखेला रात्री ११ वाजून ५९ मिनिटे ५८ सेकंदांनी सुरू झालेली विक्री पाच सेकंदांनी पक्की झाली, तर तिच्यावर ३१ तारखेचा शिक्का असतो. बाराच्या ठोक्याला शिल्लक काढणाऱ्या प्रोग्रॅमला ती दिसलेली नसते, आणि १ तारखेपासूनच्या बेरजेतही ती येत नाही. ती दोन्हीकडून निसटते. म्हणून महिना बाराच्या ठोक्याला बंद करत नाहीत. आदले व्यवहार संपण्याइतका वेळ जाऊ देऊन दोन-तीन तासांनी करतात, आणि बंद महिन्यात मागच्या तारखेची नोंद घालायला मनाई करतात.

रकाना असो की बेरीज, दोन्ही सांगतात ते कागदोपत्री काय आहे ते. फळीवरच्या प्रती कधीतरी हाताने मोजाव्याच लागतात, आणि मोजलेला आकडा आत घालतानाही तीच जुनी चूक पुन्हा होऊ शकते. समजा, सकाळी ११:१० ला फळीवर १४ प्रती मोजल्या. त्या वेळी संगणकात १५ होत्या. मोजणाऱ्याने बाकीचे अंक मोजून ११:४० ला आकडे भरायला घेतले, तोवर आणखी २ प्रती विकल्या गेल्या आणि संगणकात १३ झाल्या. त्याने `stock` मध्ये १४ लिहिले, तर फळीवर १२ असताना दोन भुताच्या प्रती तयार होतात. वाचून-मग-लिहिण्याचीच चूक, फक्त मधला काळ अर्ध्या तासाचा. बरोबर नोंद आहे ती ‘मोजणीतील तूट, उणे १’ अशी. ती पडली की १३ चे १२ होतात आणि ते फळीशी जुळतात. ही तूट काढायला ११:१० ला शिल्लक किती होती हे माहीत असावे लागते. रकान्याला फक्त आत्ताचे ठाऊक असते. ११:१० चा आकडा `movements` मधल्या तोपर्यंतच्या ओळींची बेरीज करूनच मिळतो.